नेट नसलेल्या भागातल्या शिक्षकांसाठी फोन + बैठक असा अभ्यासक्रम: फोनवर काय ठेवायचं आणि बैठकीत काय?

मोहफूल
नमस्कार मंडळी. मी मेळघाटात गट साधन केंद्रात विषय साधनव्यक्ती आहे. इयत्ता तिसरी-चौथीला गणित शिकवणाऱ्या ३० शिक्षकांसाठी बारा आठवड्यांचा प्रशिक्षण अभ्यासक्रम तयार करायचं काम माझ्याकडे आलंय. विषय एकच घेतलाय: स्थानिक किंमत आणि हातच्याची वजाबाकी.

परिस्थिती सांगते. निम्म्याहून जास्त शाळांच्या गावात नेट नाही. काही ठिकाणी फोन लागतो पण एका ठरावीक टेकाडावर किंवा रस्त्याच्या वळणावर. बरेच शिक्षक संध्याकाळी धारणीला किंवा परतवाड्याला परततात, तिथे नेट असतं. चार-पाच जणांकडे बटणाचा फोन आहे. व्हिडिओ, लाइव्ह वर्ग, लिंक हे सगळं बाजूला ठेवायचं असं मी ठरवलंय. सात-आठ मिनिटांचे आवाजी धडे आणि दर पंधरा दिवसांनी केंद्रावर अर्ध्या दिवसाची बैठक, म्हणजे एकूण सहा बैठका, एवढा सांगाडा पक्का आहे.

अडतंय ते इथे: कोणता मजकूर फोनवर द्यायचा आणि कोणता बैठकीसाठी राखायचा? पहिल्या कच्च्या आराखड्यात मी "संकल्पना फोनवर, सराव बैठकीत" असं लिहिलंय, पण ते मनाला पटत नाहीये. ज्यांनी असं काही केलंय किंवा असं प्रशिक्षण घेतलंय त्यांनी कृपया लिहा.

कोकणकन्या
लॉकडाऊनमध्ये आमच्या सिंधुदुर्गात मुलांसाठी असंच केलं होतं. वाडीतल्या एका घरी मोठा स्पीकर ठेवायचो आणि मुलं अंगणात बसायची. मुलं कंटाळत नाहीत, फक्त मध्ये मध्ये गाणी हवीत. पालकांचे नंबर आधी गोळा करून ठेवा.

मोहफूल
कोकणकन्याताई, छान कल्पना आहे, पण हा अभ्यासक्रम मुलांसाठी नाही, शिक्षकांसाठी आहे. शिकणारे शिक्षक, आणि त्यांनी शिकलेलं वर्गात उतरायला हवं.

कोकणकन्या
अरे हो, घाईत वाचलं. मग गाणी नकोत :)

प्रसाद_ठाणे
मी सॉफ्टवेअरवाला आहे, शिक्षणातला नाही. पण दीक्षा ॲप आहेच की! २०१७ पासून आहे, त्यातला मजकूर डाउनलोड करून नेटशिवाय पाहता येतो. शिक्षक संध्याकाळी धारणीला येतात, तिथे डाउनलोड करतील, दुसऱ्या दिवशी शाळेत बघतील. नवीन काही बनवायची गरजच काय?

दुशिक्षकी
प्रसाददादा, डाउनलोड होतं हे खरं आहे. पण मी सांगते काय होतं ते. संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाक, स्वतःच्या मुलांचा अभ्यास, ऑनलाइन भरायची माहिती, आणि मग रात्री साडेनऊला ॲप उघडायचं. फोनची मेमरी भरलेली. पासवर्ड आठवत नाही. निष्ठा प्रशिक्षण २०२० मध्ये ऑनलाइन झालं तेव्हा मी केलंय ते. व्हिडिओ सुरू करून फोन ओट्यावर ठेवून भाकरी थापणाऱ्या कितीतरी जणी होत्या आणि मी त्यांना दोष देणार नाही. प्रमाणपत्र सगळ्यांना मिळालं. वर्गात काय बदललं हे आम्हाला कुणीच विचारलं नाही.

मोहफूलताई, मी तुमच्यासारख्याच भागात द्विशिक्षकी शाळेवर आहे. माझं पहिलं म्हणणं: धडा कितीही छोटा असो, त्याच्या शेवटी "आता उद्या वर्गात हे एकच करा" असं असलं पाहिजे. नुसतं ऐकायचं असेल तर मी ऐकणार नाही, हे मनापासून सांगते.

जुना_केंद्रप्रमुख
नोकरीचा बराच काळ केंद्रप्रमुख म्हणून काढून निवृत्त झालो. बैठकीबद्दल लिहितो, कारण फोनमधलं मला फारसं कळत नाही.

केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होते. तिचं काय होतं हे इथल्या सगळ्या शिक्षकांना माहीत आहे. सुरुवातीला परिपत्रकं वाचली जातात, मग कोणती माहिती कधीपर्यंत द्यायची ते, मग शालेय पोषण आहाराचे तक्ते, आणि अध्यापनाचा विषय निघेपर्यंत जेवणाची वेळ होते. ताई, तुमच्या बैठकीला वेगळं नाव द्या, वेगळी जागा द्या, आणि केंद्रप्रमुखांना आधीच भेटून ठरवा की पहिल्या दोन तासांत एकही परिपत्रक निघणार नाही. हे लेखी घ्या. तोंडी शब्दावर राहू नका.

दुसरं, दिवस. शनिवारी सकाळची शाळा असते तिथे अकरानंतर बैठक ठेवा, म्हणजे शाळा बुडत नाही. द्विशिक्षकी शाळेतून एक शिक्षक आठवड्याच्या मधल्या दिवशी बाहेर पडला तर दुसऱ्यावर चार वर्ग पडतात, आणि गावकरी विचारतात की गुरुजी कुठे गेले. त्यांचं बरोबरच असतं.

तिसरं, महिने. बारा आठवडे कधी सुरू करणार? जुलैत नाल्यांना पूर येतो. पोळ्याच्या आठवड्यात कुणी येणार नाही. ऑक्टोबरमध्ये पहिल्या सत्राचं मूल्यमापन. दिवाळीनंतर पालक कामाला बाहेर जातात आणि मुलंही जातात. कॅलेंडर समोर घेऊन आधी फुल्या मारा, मग आठवडे मोजा.

वैदर्भी
सरांनी लाखातलं बोलले. कॅलेंडरवर फुल्या मारल्या तर बारा आठवडे उरतेच कुठं बाप्पा, आठ उरले तरी नशीब!

मनीषा_डब्लिन
बोट्स्वानामध्ये २०२० ला शाळा बंद असताना फोनवरून शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला होता. त्यात नुसते एसएमएस पाठवलेल्या गटात फारसा फरक पडला नाही, पण एसएमएस आणि आठवड्याला एक छोटा फोन असं केलेल्या गटात गणित सुधारलं. म्हणजे शिक्षक प्रशिक्षण फोनवरून होऊ शकतं हे सिद्ध झालंय. बैठकींवर इतका जोर कशाला?

आकडेमोड
मनीषाताई, तो प्रयोग मीही वाचलाय. पण त्यात फोन मुलांच्या घरी जात होते, पालक आणि मूल फोनवर असायचे. शिक्षकांचं प्रशिक्षण नव्हतं ते. त्यातून घेण्यासारखं एकच आहे आणि ते महत्त्वाचं आहे: मजकूर ढकलण्यापेक्षा कुणीतरी फोन करून "काय झालं?" विचारणं जास्त कामी येतं.

आता मूळ प्रश्नाकडे. ताई, "संकल्पना फोनवर, सराव बैठकीत" हे तुम्हाला पटत नाहीये ते योग्यच आहे. मी उलट सुचवेन. फोनवर संकल्पना ठेवूच नका. फोनवरून एक उदाहरण जाऊ द्या आणि फोनवरूनच मुलांची उत्तरं परत येऊ द्या. बैठक त्या उत्तरांवर उभी करा. कारण तिसरीच्या शिक्षकाला दशक-एकक येतं. मुलानं चूक केली ती *कोणत्या विचारानं* केली हे बघायची सवय तेवढी आपल्याला लावायची आहे.

हातच्याच्या वजाबाकीत मुलं मुख्यतः तीन प्रकारे चुकतात. एक, वर-खाली न बघता मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. दोन, दशक सोडवून एककात घेतात पण वरचा दशक एकनं कमी करायला विसरतात. तीन, "दोनातून सात जात नाहीत" म्हणून सरळ शून्य लिहितात.

आता ५२ − २७ हे अगदी नेहमीचं उदाहरण घ्या. पहिल्या प्रकारचं मूल सातातून दोन वजा करून ५ लिहितं, पाचातून दोन वजा करून ३. उत्तर ३५. दुसऱ्या प्रकारचं मूल बारातून सात वजा करून ५ लिहितं, पण दशक कमी करत नाही म्हणून पुन्हा ३. उत्तर ३५. दोन वेगळे गैरसमज, एकच उत्तर! शिक्षकानं फोनवर "माझ्या चार मुलांचं ३५ आलं" सांगितलं तर आपल्या हाती काहीच लागत नाही.

तेच ५३ − २७ दिलं तर? बरोबर उत्तर २६. पहिल्या प्रकारचं ३४. दुसऱ्याचं ३६. तिसऱ्याचं ३०. चारही वेगळी. म्हणजे फक्त संख्या फोनवरून सांगितल्या तरी कुठल्या शाळेत कोणती अडचण जास्त आहे ते कळतं. नियम सोपा आहे: एककाच्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल तर ते उदाहरण निदानासाठी घेऊ नका.

मोहफूल
आकडेमोड, हे वाचून मी वही काढली आणि आमच्या चाचण्यांमधली उदाहरणं तपासायला बसले. ६३ − २८ आहे त्यात, म्हणजे पुन्हा पाचाचा फरक, दोन्ही चुकांचं ४५. मनापासून आभार. पुढचा प्रश्न: उत्तरं परत आणायची कशी? आयव्हीआर घ्यावं का? म्हणजे शिक्षकानं मिस्ड कॉल द्यायचा, यंत्राचा फोन येईल, धडा ऐकायचा आणि बटणं दाबून संख्या भरायच्या.

ध्वनिफीत
मी आकाशवाणीत ध्वनिमुद्रणाचं काम केलंय, त्यानंतर एका संस्थेसाठी आयव्हीआरचे धडेही मुद्रित केलेत. काही गोष्टी सांगतो.

फोनवर आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टाच जातो. त्यामुळे स, श, फ यांच्यातला फरक पुसट होतो. अक्षर-ध्वनी शिकवायचे असते तर मी फोनला सरळ नाही म्हटलं असतं. गणिताला चालेल, पण संख्यांची नावं सांभाळा. त्रेपन्न आणि त्रेसष्ट, एकोणपन्नास आणि एकोणसाठ, हे खराब लाइनवर हमखास चुकीचं ऐकू जातं. प्रत्येक संख्या दोनदा सांगायची: "त्रेपन्न, म्हणजे पाच दशक तीन". बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात "पन्नास तीन" आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण फोनवर ती पद्धत फार उपयोगी पडते.

यंत्राचा फोन आपणहून पाठवू नका. शिक्षक रेंजमध्ये असेलच असं नाही, आणि १४० नं सुरू होणारा नंबर दिसला की लोक जाहिरात समजून कापतात. मिस्ड कॉलची पद्धत बरी, कारण वेळ शिक्षक ठरवतो. तरी बटणं दाबण्यात गोची होते. फोन कानाला लावला की स्क्रीन काळी होते आणि मग आकड्यांचा पडदा शोधेपर्यंत यंत्र पुढे निघून गेलेलं असतं. स्पीकरवर टाकून सराव पहिल्या बैठकीतच करून घ्यावा लागतो.

प्रसाद_ठाणे
दुशिक्षकीताई, ओट्यावरच्या फोनचं वाचलं, समजलं. दीक्षाचं म्हणणं मागे घेतो.

पण एक विचारू का? ३० च शिक्षक आहेत आणि दर पंधरा दिवसांनी ते समोरासमोर भेटणारच आहेत. मग धडे नेटवरून पाठवायचेच कशाला? पुढच्या दोन आठवड्यांचे धडे बैठकीतच ब्लूटूथनं किंवा मेमरी कार्डानं देऊन टाका. १६ केबीपीएसला एकपदरी आवाज मुद्रित केला तर सहा मिनिटांचा धडा साधारण ७२० केबी होतो. चार धडे तीन एमबीच्या आत. सहा मिनिटांचा व्हिडिओ साध्या दर्जाचा केला तरी याच्या कित्येक पट.

```
ffmpeg -i dhada1.wav -ac 1 -c:a libopus -b:a 16k dhada1.ogg
ffmpeg -i dhada1.wav -ac 1 -ar 22050 -b:a 32k dhada1.mp3
```

पहिली ओळ स्मार्टफोनसाठी. बटणाच्या फोनवर ती फाइल बहुधा वाजणार नाही, त्यांच्यासाठी दुसरी ओळ, ती दुप्पट आकाराची होते पण तरी दीड एमबीच्या आतच.

ध्वनिफीत
१६ ला भाषण स्वच्छ ऐकू येतं. मागे पंख्याचा आवाज मात्र नको, कमी दरात तो आवाज शब्दांना खाऊन टाकतो. गाद्या, गोधड्या असलेल्या खोलीत मुद्रण करा.

जुना_केंद्रप्रमुख
प्रसादनी चांगलं सुचवलं. आणि जो बैठकीला आला नाही त्याला धडा शेजारच्या शाळेतल्या गुरुजींकडून घ्यावा लागेल, म्हणजे आपोआप बोलणं होईल.

वैदर्भी
मी उलट बाजू मांडतो. ज्याचा फोन आहे तो त्याचा स्वतःचा आहे, रिचार्ज त्याचा, वेळ संध्याकाळचा. प्रशिक्षण नोकरीचा भाग आहे तर ते शाळेच्या वेळेत आणि सरकारी खर्चानं का नाही? नव्या शैक्षणिक धोरणात वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण म्हटलंय. फोनवर ऐकलेले तास त्यात धरणार का? धरणार नसाल तर लोक म्हणतील की हे फुकटचं काम. मी ताईंच्या विरोधात नाही, पण हा प्रश्न पहिल्या बैठकीत उठणार म्हणजे उठणारच.

मोहफूल
वैदर्भीदादा, प्रश्न रास्त आहे. बैठकीचे तास धरले जातील एवढं वरून तोंडी मान्य झालंय, फोनच्या तासांबद्दल अजून काही नाही. मला वाटतं ऐकण्याचे तास मोजूच नयेत, मुलांच्या उत्तरांची नोंद दिली की तो आठवडा पूर्ण धरावा. पण हे माझ्या हातात नाही.

वैदर्भी
जुन्या सरांनी म्हटल्याप्रमाणं हेही लेखी घ्या.

आकडेमोड
आयव्हीआरबद्दल माझं मत: ३० जणांसाठी ते घेऊ नका. साधी कॉन्फरन्स करा. बहुतेक फोनवर एकात एक कॉल जोडत गेलं की आपल्यासकट सहा जण एका वेळी बोलू शकतात. ३० शिक्षकांचे सहा-सहांचे पाच गट होतात. प्रत्येक गटात एक गटप्रमुख, तो बाकीच्या पाच जणांना जोडतो. नेट लागत नाही. बटणाच्या फोनवरूनही येता येतं. पंधरा मिनिटांत प्रत्येकानं चार संख्या सांगायच्या: २६ किती, ३४ किती, ३६ किती, ३० किती. आणि एका मुलानं "कसं काढलं" म्हणून काय सांगितलं ते एका वाक्यात.

सहा जणांत गप्प बसता येत नाही, हा आणखी एक फायदा.

दुशिक्षकी
मी आज करून पाहिलं! तिसरी-चौथी मिळून अकरा मुलं हजर होती. फळ्यावर ५३ − २७ उभं मांडलं आणि काहीच न सांगता सोडवायला दिलं.

२६ तीन जणांचं. ३४ पाच जणांचं. ३६ दोघांचं. ३० कुणाचंच नाही. आणि एका मुलीचं ८०! मी आधी गोंधळले, मग लक्षात आलं की तिनं बेरीज केली आहे.

मला वाटायचं माझ्या वर्गात "हातचा विसरतात" ही अडचण आहे. मी वर्षभर "वरचा एक कमी कर, एक कमी कर" असं सांगत आलेय. पण ते लागू होतं फक्त ३६ वाल्या दोघांना. ३४ वाल्या पाच जणांनी दशकाला हातच लावलेला नाही, त्यांना माझं वाक्य कशाबद्दल आहे हेच कळत नसणार. एकाला विचारलं तर म्हणाला, "सातातून तीन गेले, चार राहिले". मी विचारलं, सात खाली आहेत ना? तर म्हणाला, "पण मोठे तेच आहेत".

एक अडचण आली ती सांगते. दोन मुलं आपसात कोरकूत बोलून समजावत होती आणि मला अर्धंच कळलं. चौथीतल्या एकानं मला मराठीत सांगितलं, पण तो स्वतःच्या मनानं दुरुस्त करून सांगत होता असं वाटलं.

आकडेमोड
दुशिक्षकीताई, तुम्ही तुमचा पहिला आठवडा इथेच पूर्ण केलात! ८० चं उत्तर माझ्या यादीत नव्हतं. नोंदीत पाचवा रकाना ठेवायला हवा, "इतर", आणि तिथे उत्तर जसंच्या तसं लिहायचं.

मोहफूल
भाषेचा मुद्दा आमच्याकडे सगळीकडे येणार. आमच्या ३० पैकी कोरकू येणारे मोजकेच आहेत. काय करावं? मुलांनी बोलण्याऐवजी काड्या मांडून दाखवावं का?

जुना_केंद्रप्रमुख
काड्यांनी बरंच कळतं. दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधून द्यायच्या. ५३ मांड म्हटलं की पाच जुड्या, तीन सुट्या. २७ काढ म्हटलं की मूल काय करतं ते फक्त पाहायचं. जुडी सोडतं की नाही, सोडली तर सुट्या तेरा झाल्या हे मोजतं की नाही. तिथे भाषा फार लागत नाही. पण पाहताना शिक्षकानं गप्प राहायला हवं आणि आमच्या लोकांना तेच सर्वात अवघड जातं. मूल थांबलं की गुरुजींचा हात जुडीकडे जातो. बैठकीत याचाच सराव घ्या: एक शिक्षक मूल होईल, एक गुरुजी, आणि तिसरा फक्त गुरुजींचा हात पाहील.

दुशिक्षकी
सर, पण काड्यांवर बरोबर करणारं मूल वहीवर चुकतंच की. माझ्या ३६ वाल्या दोघांनी जुड्या दिल्यावर २६ बरोबर काढलं. वहीत पुन्हा तसंच दिलं की ३६.

आकडेमोड
म्हणूनच ३४ वाल्यांना आणि ३६ वाल्यांना वेगळं काम द्यावं लागतं. ३४ वाल्यांना आधी नुसत्या जुड्या, वही बंद. ३६ वाल्यांना जुडी आणि वही एकाच वेळी: जुडी सोडली की त्याच क्षणी वहीत पाचावर काट मारून चार लिहायचे, मग सुट्या मोजून तेरा लिहायचे. हाताची प्रत्येक हालचाल कागदावर उमटली पाहिजे. सगळ्या वर्गाला एकच सांगणं लागू होत नाही, ही गोष्ट फोनवर कितीही चांगल्या आवाजात सांगितली तरी उतरणार नाही. ती बैठकीत दोन वह्या शेजारी ठेवल्या की दिसते.

मनीषा_डब्लिन
वरचा माझा मुद्दा आता मला वेगळा दिसतोय. तरी एक शंका राहते. शिक्षक खोट्या संख्या सांगणार नाहीत कशावरून? गटात सगळ्यांसमोर "माझ्या वर्गात फक्त तिघांना आलं" म्हणणं सोपं नाही.

वैदर्भी
सांगणारच. केंद्रप्रमुख ऐकत असले तर नक्की सांगणार. आमच्याकडे एका चाचणीच्या नोंदीत सगळ्या शाळा ९० टक्क्यांच्या वर होत्या.

मोहफूल
यावर मी असा विचार करतेय: गटाच्या फोनवर कुठलाही अधिकारी नसेल, मीही नसेन. गटप्रमुख शाळानिहाय नाही तर गटाची एकत्र बेरीज मला देईल. आणि बैठकीला येताना प्रत्येकानं दोन खऱ्या वह्या आणायच्या, एक चुकलेली असलीच पाहिजे. वही खोटी करणं संख्येइतकं सोपं नसतं. तरी शंभर टक्के खात्री नाही, हे मान्य.

जुना_केंद्रप्रमुख
सगळ्यांचं २६ च आलं असं कुणी सांगितलं तर त्याला रागावू नका. त्याला सांगा, तुमच्या वर्गातली ती पद्धत आम्हाला बघायची आहे, पुढची बैठक तुमच्या शाळेत. पुढच्या वेळी खरं सांगेल.

मोहफूल
इथवरच्या चर्चेवरून पहिल्या पंधरवड्याचा आराखडा लिहिते. बाकीचे याच चालीवर जातील, फक्त उदाहरण आणि बैठकीतलं काम बदलेल.

पहिली बैठक सगळ्यात आधी, धडा नंतर. त्या बैठकीत फोनचा सराव, सहा-सहांचे गट, कॉल कसे जोडायचे ते, आणि पहिल्या दोन धड्यांच्या फाइली प्रत्येकाच्या फोनमध्ये वाजवून बघायच्या. बटणाचे फोनवाले त्यांच्या मेमरी कार्डात घेतील.

पहिला धडा सहा मिनिटांचा. त्यात संकल्पना सांगायची नाही. एका वर्गात काय घडलं ते, ५३ − २७ कसं मांडायचं, सोडवताना मुलांना काहीच सांगायचं नाही हे, आणि चार उत्तरं कोणती येऊ शकतात ते. त्यांचा अर्थ सांगायचा नाही, तो शिक्षकांनी मुलांना विचारून शोधायचा. मंगळवारपर्यंत वर्गात करायचं. आठवण म्हणून एक एसएमएस, कारण तो फोन रेंजमध्ये आला की आपोआप पोचतो. मराठीत एका संदेशात ७० च अक्षरं बसतात, काना-मात्रा धरून, म्हणून इतकंच: "मंगळवारी ५३-२७ द्या. उत्तरे मोजून गटाच्या फोनवर सांगा." शुक्रवारी रात्री आठला गटाचा फोन.

दुसऱ्या आठवड्याचा धडा पाच मिनिटांचा, जुड्या देऊन गप्प राहून पाहण्याचा. त्याला नोंद नाही, फक्त एका मुलाचं निरीक्षण. मग शनिवारी अकराला बैठक. आधी आणलेल्या सगळ्या वह्यांचे टेबलावर उत्तरानुसार ढीग. मग तिघा-तिघांत सराव. मग ३४ आणि ३६ साठी वेगळं काय करायचं ते ठरवणं. शेवटी पुढच्या फाइली. साधारण अडीच तास.

शुक्रवारी आठची वेळ बायकांना जमेल का? आमच्याकडे ३० पैकी १३ शिक्षिका आहेत.

दुशिक्षकी
आठ नको. आठला ताटं वाढायची असतात. एकतर साडेनऊ, नाहीतर शनिवारी शाळा सुटल्यावर निघायच्या आधी. प्रत्येक गटाला आपली वेळ ठरवू द्या ना. सहाच जण आहेत.

मोहफूल
बरोबर. वेळ गट ठरवेल.

कोकणकन्या
आता नीट वाचलं सगळं :) एक शंका. ज्या शाळेत तिसरी-चौथीत मिळून तीनच मुलं आहेत तिथे या संख्यांना काय अर्थ? आमच्याकडे पटसंख्या पाच, सात अशा शाळा आहेत.

आकडेमोड
एका शाळेपुरता संख्येला अर्थ नाही, तिथे प्रत्येक मूल कसं विचार करतं तेच पाहायचं. संख्येचा उपयोग मोहफूलताईंना आहे: गटांची बेरीज करून बैठकीत ३४ वर जास्त वेळ द्यायचा की ३६ वर हे ठरवायला. सगळ्या गटांत ३६ जास्त निघालं तर जुड्यांवर तासभर घालवणं वाया जाईल.

प्रसाद_ठाणे
पुढच्या पंधरवड्यांसाठी उदाहरणं ठरवलीत का? मी तपासणारा एक छोटा तक्ता करून देऊ शकतो: वजाबाकी टाकली की तीनही चुकांची उत्तरं दाखवेल आणि दोन उत्तरं एकच येत असतील तर लाल करेल.

मोहफूल
नक्की द्या दादा. दुसऱ्या पंधरवड्याला ७१ − ३८ घेतेय. बरोबर ३३, बाकी ४७, ४३, ४०. चारही वेगळी आहेत ना?

आकडेमोड
आहेत. तीन अंकी संख्यांना याल तेव्हा मध्ये शून्य असलेलं उदाहरण नक्की घ्या, ३०४ − १२६ सारखं. बरोबर १७८. वर-खाली न बघता मोठ्यातून लहान वजा करणाऱ्याचं २२२. शतक सोडवून दशकात दहा आणले पण त्यातला एक एककाला दिल्यावर नऊ करायला विसरला, त्याचं १८८. शून्याचे नऊ केले पण शतक कमी केलं नाही, त्याचं २७८. शतकातून थेट एककात आणून मधल्या शून्याला मोठ्यातून लहान अशा रीतीनं सोडवलं, त्याचं १२८. प्रसाद, तुमच्या तक्त्यात तीन चुका पुरणार नाहीत, इथे चार लागतील.

प्रसाद_ठाणे
चार रकाने करतो. "इतर" पाचवा. रविवारी टाकतो इथे.